अर्ध्या मिलिग्रॅमचा भरवसा

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने नागरिकांना एक इशारा दिला. इंटरनेटवरून औषधे मागवलेल्या काही जणांना तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात न्यावे लागले होते. त्यांचे स्नायू आखडले होते, पेटके येत होते आणि श्वास घ्यायला त्रास होत होता. कोणी झोपेसाठी अँबियन मागवली होती, तर कोणी अस्वस्थतेसाठी झॅनॅक्स किंवा ॲटिव्हन. अँबियन म्हणजे आपल्याकडे झोल्पिडेम नावाने मिळणारी गोळी आणि झॅनॅक्स म्हणजे अल्प्राझोलाम. सरकारी प्रयोगशाळेने आलेल्या गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत हॅलोपेरिडॉल सापडले.

हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारांवरचे औषध आहे. ज्याला त्याची गरज नाही आणि सवयही नाही, अशा माणसाने ते घेतले तर मान एका बाजूला ओढली जाते, जबडा घट्ट मिटतो, डोळे वर फिरतात. योग्य इंजेक्शन मिळाले तर हा त्रास उतरतो, पण त्यासाठी समोरच्या डॉक्टरांना असे काही पोटात गेल्याचा संशय यावा लागतो. रुग्ण तर ठामपणे सांगत असतो की त्याने फक्त झोपेची गोळी घेतली. त्या पाकिटांवर ग्रीसमधल्या टपालाचे शिक्के होते. गोळ्या मुळात कुठे तयार झाल्या, हे प्रशासनाला सांगता आले नाही.

बनावट औषध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खडूची भुकटी येते. गोळी खोटी निघाली तर फार तर झोप येणार नाही आणि पैसे बुडतील, असा हिशेब माणूस मनाशी करतो. झोपेच्या गोळ्यांना तो लागू होत नाही. गोळी विकणाऱ्याला गिऱ्हाईक परत यायला हवे असते, आणि ते यायचे तर गोळीने काहीतरी जाणवण्याजोगे करायला हवे. म्हणून तिच्यात काहीतरी घातलेले असते. ते काय आहे आणि किती आहे, हे दोन प्रश्न उरतात. त्यांतला पहिला भीतिदायक वाटतो, पण जास्त माणसे फसतात ती दुसऱ्यापाशी.

भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ या परिशिष्टात आहेत. औषध दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी पाहूनच ती द्यायची, रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदवायची आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. हीच औषधे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही आहेत. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत या यादीतली औषधे फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या तपासणीत लिहून द्यायला मनाई केली होती.

जुनी चिठ्ठी संपलेली असते, डॉक्टर गोळी बंद करा म्हणतात, दुकानदार ओळखीचा असला तरी देत नाही, आणि रात्रीचे दोन वाजलेले असतात. अशा वेळी मोबाइलवर एखादा टेलिग्राम गट किंवा व्हॉट्सॲप क्रमांक सापडतो. चिठ्ठीची गरज नाही, कुरियरने घरपोच, दहा पट्ट्या घेतल्या तर एक फुकट. त्या क्षणी ज्याला झोप येत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट त्याने पाहायला हवी. चिठ्ठीशिवाय ही गोळी देणारा विक्रेता पहिल्याच पायरीवर कायदा मोडून पुढे आलेला असतो. औषध कुठून घेतले, ते किती तापमानात ठेवले, मुदत संपलेला साठा नव्या वेष्टनात घातला की नाही, या पुढच्या पायऱ्यांवर तो नियम पाळेल असे मानायला काहीच आधार उरत नाही.

आता त्या ‘किती’कडे येऊ. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची पॉवर अगदी लहान आकड्यांत असते. अल्प्राझोलाम पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते, झोल्पिडेम पाच किंवा दहा मिलिग्रॅमची. एवढेसे औषध हातात धरता येत नाही, म्हणून त्यात सेल्युलोज किंवा लॅक्टोजची पांढरी भुकटी मिसळून गोळी बनवतात. समजा, शंभर मिलिग्रॅम वजनाच्या दहा हजार गोळ्या करायच्या आहेत आणि प्रत्येकीत अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम हवे आहे. एकूण भुकटी एक किलो होईल आणि त्यात औषध असेल फक्त पाच ग्रॅम. चमचाभर औषध एक किलो भुकटीत असे पसरायचे की कुठूनही चिमूट उचलली तरी त्यात तेवढाच अंश यावा.

हे काम वाटते त्याहून फार अवघड आहे. औषधाचे कण आणि भुकटीचे कण सारख्या आकाराचे नसतात. मिश्रण हलवले, ओतले किंवा यंत्राच्या हादऱ्यांखाली राहिले की बारीक कण खाली उतरतात आणि जाड कण वर येतात. एकदा नीट मिसळलेली भुकटीसुद्धा गोळ्या पाडेपर्यंत पुन्हा फुटू शकते. औषधाला ओलावा लागून गुठळ्या झाल्या तर आणखी कठीण. मोहरीच्या दाण्याएवढी एक गुठळी तशीच राहिली तर तिच्यात दोन मिलिग्रॅमच्या आसपास औषध असू शकते. ती ज्या गोळीत गेली, तिच्यात चार गोळ्यांचे औषध गेले. बाकीच्या गोळ्यांच्या वाट्याला तेवढे कमी आले, आणि दहाही गोळ्या एकाच पट्टीत, एकाच रंगाच्या, एकाच वजनाच्या दिसतात.

परवानाधारक कारखान्यात म्हणूनच औषध एकदम ओतत नाहीत. आधी ते जवळजवळ तेवढ्याच भुकटीत कालवतात, मग त्या मिश्रणात पुन्हा तेवढीच भुकटी घालतात, असे टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. मधे चाळतात. मिश्रणाच्या वरून, खालून, कोपऱ्यांतून नमुने काढून तपासतात. गोळ्या पाडल्यावर पुन्हा एक परीक्षा असते. दहा गोळ्या घेऊन प्रत्येकीतले औषध वेगवेगळे मोजायचे. भारतीय औषधसंहितेच्या या कसोटीत सरासरी शंभर धरली तर प्रत्येक गोळी ८५ ते ११५ च्या मधे बसावी लागते. एखादीच थोडी बाहेर गेली तर आणखी वीस गोळ्या मोजाव्या लागतात. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत ही मोकळीक मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शांत मोजावी लागते. एखाद्या गाळ्यात बादलीत भुकटी कालवून, जुने यंत्र लावून गोळ्या पाडणाऱ्याकडे हे मोजण्याचे साधनच नसते. त्याला स्वतःलाही आपल्या गोळीची पॉवर ठाऊक नसते. त्यामुळे तो प्रामाणिकपणे सांगतो म्हटला तरी सांगू शकणार नाही.

यातून जे निघते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या औषधाबाबत मागचा अनुभव कामाचा असतो. काल एका गोळीने जेवढी झोप आली, साधारण तेवढीच आज येईल. चोरट्या गोळीत हा अनुभव निरुपयोगी ठरतो. सोमवारच्या गोळीने काही झाले नाही म्हणून मंगळवारी माणूस दोन घेतो, बुधवारी तीन. गुरुवारी घेतलेल्या तीनपैकी एकीत ती गुठळी असते. ‘याच पट्टीतल्या आधीच्या गोळ्या चांगल्या होत्या’ हे वाक्य रुग्ण आणि नातेवाईक दोघेही म्हणतात. ते खरेही असते. त्यावरून पुढच्या गोळीबद्दल मात्र काही कळत नाही.

औषधाचे प्रमाण बरोबर असले तरी पॉवर बिघडू शकते, ती वेगळ्या वाटेने. गोळी पोटात किती वेळात फुटते आणि विरघळते यावर तिचा असर अवलंबून असतो. यंत्राचा दाब जास्त बसला की गोळी कडक होते आणि उशिरा विरघळते. तासभर वाट पाहून झोप येत नाही म्हणून माणूस दुसरी घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात.

एवढ्या बारीक फरकाने खरेच काही होते का? झोल्पिडेमचेच उदाहरण पुरेसे आहे. हे औषध तुलनेने लवकर उतरणारे मानले जाते. तरी जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने स्त्रियांसाठी त्याची मात्रा दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणली. दहा मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनी, म्हणजे सकाळी, सुमारे पंधरा टक्के स्त्रियांच्या रक्तात गाडी चालवणे धोक्याचे ठरावे एवढे औषध उरत होते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. अस्सल औषधात पाच मिलिग्रॅमचा फरक नियम बदलायला लावतो. बनावट गोळीत तर पाच की पंधरा, हेच कोणी मोजलेले नसते.

आणि पुष्कळदा आत झोल्पिडेम किंवा डायझेपाम नसतेच.

स्कॉटलंडने याची सर्वांत मोठी किंमत मोजली आहे. तिथे ‘स्ट्रीट व्हॅलियम’ म्हणून निळ्या गोळ्या अगदी स्वस्तात विकल्या जात. व्हॅलियम म्हणजे डायझेपाम, पण त्या गोळ्यांत बहुतेक वेळा इटिझोलाम असे. इटिझोलाम भारतात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे, ब्रिटनमध्ये त्याला वैद्यकीय परवाना नाही. ढोबळ मानाने एक मिलिग्रॅम इटिझोलाम दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या आसपास काम करते. म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या डायझेपामची हुबेहूब नक्कल करताना कोणी तीन मिलिग्रॅम इटिझोलाम घातले, तरी घेणाऱ्याने तीन गोळ्या घेतल्यासारखे होते. २०२० मध्ये स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांमुळे १,३३९ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश मृत्यूंमध्ये या वर्गातल्या औषधांचा हात होता, आणि बहुतेकांच्या शरीरात जोडीला अफूच्या जातीचे दुसरे काहीतरी होते. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. या गोळ्या एकट्या असताना जेवढ्या घातक असतात, त्याहून दारू किंवा अफूजन्य औषधाच्या जोडीने कितीतरी जास्त घातक ठरतात, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

इटिझोलामवर बंधने आली तशी बाजारात ब्रोमाझोलामसारखी नवी नावे आली. वेल्समधल्या सार्वजनिक आरोग्य विभागाची ‘वेडिनॉस’ नावाची प्रयोगशाळा लोकांनी निनावी पाठवलेले नमुने तपासते आणि निकाल जाहीर करते. डायझेपाम म्हणून विकत घेतलेल्या कितीतरी नमुन्यांत तिला ब्रोमाझोलाम सापडले आहे, आणि काही बनावट गोळ्यांत नायटाझीन वर्गातली अतितीव्र अफूसदृश द्रव्येही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिकागोत तीन तरुणांनी अल्प्राझोलाम समजून ब्रोमाझोलामच्या गोळ्या घेतल्या. काही तासांनी ते बेशुद्ध सापडले. त्यांना फिट येत होत्या, अंगाचा ताप खूप चढला होता आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली होती. या वर्गातली औषधे एरवी फिट थांबवायला देतात. ब्रोमाझोलाम कधीच कुठे औषध म्हणून मंजूर झालेले नाही, त्यामुळे माणसाला किती मात्रा सुरक्षित आहे हे ठरवणाऱ्या चाचण्याच झालेल्या नाहीत.

चुकीच्या औषधाचा आणखी एक हळू चालणारा परिणाम घरात सहसा ओळखू येत नाही. झोल्पिडेमचे रक्तातले प्रमाण साधारण अडीच तासांत निम्मे होते, म्हणून रोज रात्री घेतले तरी ते साचत नाही. त्याच नावाच्या बनावट गोळीत समजा असे औषध आहे, जे निम्मे व्हायला दोन दिवस लागतात. पहिल्या रात्री नीट झोप लागते आणि माणूस खूश होतो. दुसऱ्या रात्रीची गोळी पोटात जाते तेव्हा पहिल्या गोळीचा सुमारे सत्तर टक्के अंश अजून शरीरात असतो. रोज एक गोळी घेत गेल्यास आठ-दहा दिवसांत शरीरातला साठा एका गोळीच्या तिपटीवर जातो. आजी दुपारी बोलता बोलता पेंगते, शब्द अडखळतात, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, वय झाले. मग एके दिवशी ती न्हाणीघरात पडते आणि खुब्याचे हाड मोडते. रोज एकच गोळी चालू होती आणि ती वाढवलेली नव्हती, हे सगळे खरेच सांगत असतात.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक प्रकरण लक्षात ठेवावे असे आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी अठरा जणांवरचे आरोपपत्र खुले केले. त्यानुसार ही मंडळी भारत, डॉमिनिकन रिपब्लिक आणि अमेरिकेतून खऱ्या औषध दुकानांसारख्या दिसणाऱ्या वेबसाइट चालवत आणि झॅनॅक्ससह अनेक औषधांच्या नावाने फेंटानिल आणि मेथॲम्फेटामाइन भरलेल्या बनावट गोळ्या पाठवत. किमान नऊ जणांचा मृत्यू त्यांच्याशी जोडला गेला. अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाने त्यानंतर दिलेल्या इशाऱ्यात अशा वेबसाइटची लक्षणे सांगितली होती. अमेरिकी पत्ता, चोवीस तास मदत, गिऱ्हाइकांचे चांगले अभिप्राय, औषधाच्या सुरक्षिततेची माहिती आणि भरघोस सवलत. म्हणजे आपण ज्या गोष्टी पाहून विश्वास ठेवतो, त्या सगळ्या तिथे होत्या. ‘आपल्या देशातूनच येतेय, ओळखीची कंपनी आहे’ हा दिलासा अशा पाकिटाला लावता येत नाही.

पट्टी पाहून खोटेपणा ओळखता येतो का? कधी कधी. सुट्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आल्या, नावात चूक असली, बॅच क्रमांक पुसट असला किंवा पट्टीवरचा आणि खोक्यावरचा वेगवेगळा असला, तर ती घेऊच नये. खऱ्या वेष्टनावर अशा औषधांसाठी लाल रंगात ‘एनआरएक्स’ ही खूण आणि लाल चौकटीतली सूचना असते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ठरावीक तीनशे ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे, पण यादीबाहेरच्या ब्रँडवर तो नसला म्हणून ते बनावट ठरत नाही. या खुणांचा उपयोग एवढाच की चूक दिसली तर गोळी नाकारता येते. सगळे बरोबर दिसले तर काहीच सिद्ध होत नाही. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या, तेव्हा तपासात त्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे समोर आले. त्या गोळ्या खरेदीच्या सरकारी वाटेने आल्या होत्या आणि प्रयोगशाळेत गेल्यावरच पकडल्या गेल्या. त्याऐवजी ओळखीच्या दुकानातले बिल बघावे. परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलेल्या बिलावरून गोळी मागे कारखान्यापर्यंत शोधता येते. चोरट्या पाकिटामागे असा माग नसतो.

कोणी गोळी घेऊन गाढ झोपला आहे, हाका मारून किंवा खांदा जोरात दाबूनही उठत नाही, श्वास संथ आहे, घशातून घरघर येते आहे, ओठ निळसर होत आहेत, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नये. त्याला एका कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. उरलेल्या गोळ्या, पट्टी आणि पाकीट सगळे सोबत न्यावे आणि ते चिठ्ठीशिवाय मागवल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पकडले जाऊ या भीतीने नातेवाईक नेमके हेच लपवतात. रुग्णालयातली लघवीची साधी चाचणी झोल्पिडेम सहसा दाखवत नाही, फेंटानिलही अफूच्या नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. नालोक्सोनचे इंजेक्शन अफूजन्य औषधाचा असर उतरवते, झोपेच्या गोळीचा नाही. पाकिटावरचे नाव खोटे असण्याची शक्यता डॉक्टरांना आधीच कळली तर ते नावावर विसंबत नाहीत, श्वास आणि रुग्णाची अवस्था पाहून उपचार करतात.

ज्याने कित्येक महिने अशा गोळ्या घेतल्या आहेत, त्याला भीती वाटून तो एका रात्रीत सगळ्या फेकून देतो. हे करू नये. या वर्गातली औषधे एकदम बंद केली की घाम, थरकाप, जीवघेणी अस्वस्थता आणि कधी फिटसुद्धा येते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे हेदर ॲश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षे या गोळ्या सोडवण्याचे केंद्र चालवले. त्यांची पद्धत आजही अनेक डॉक्टर वापरतात. रुग्ण रोज किती घेतो ते धरून तेवढ्याच ताकदीचे डायझेपाम द्यायचे आणि ते आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे उतरवायचे. पद्धत एका आकड्यावर उभी आहे, आणि चोरट्या गोळीने तोच आकडा हिरावून घेतलेला असतो. पट्टीवर दहा लिहिले आहे म्हणून दहा धरावे, तर खरे दोन असू शकतात आणि तीसही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ लिखित आकडा बाजूला ठेवतात. लहान मात्रेपासून सुरुवात करतात, पहिले काही दिवस रुग्णाला जवळून पाहतात, थरथर किंवा जास्तीची गुंगी दिसेल तशी मात्रा हलवतात आणि स्थिर झाल्यावरच उतरवायला घेतात. पहिला टप्पा कधी कधी रुग्णालयात दाखल करून पार पाडावा लागतो. कुठे जायचे हे सुचत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात न टाकता पाकिटासकट जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्याव्यात. औषध निरीक्षक त्या प्रयोगशाळेत पाठवू शकतात, आणि तिथला अहवाल आला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदाच कळते की इतके महिने रुग्णाच्या पोटात काय जात होते.